तळ आणि माथा : नाडीचा महिन्याचा हिशेब

आमच्या घरातल्या बायकांकडे पाळीच्या तारखांचा हिशेब पहिल्यापासून आहे. रमजानमध्ये किती रोजे सुटले, ते पुढे कधी भरून काढायचे, नमाज कोणत्या दिवशी थांबली आणि गुस्ल करून कोणत्या दिवशी पुन्हा सुरू झाली, हे लक्षात ठेवावंच लागतं. सासूबाई त्यासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीक टिंब काढत. आम्ही दोघी जावा वहीत लिहितो. गेल्या दीड वर्षापासून त्या वहीत तारखेशेजारी आणखी एक आकडा येतो. तो म्हणजे सकाळची नाडी.

याची सुरुवात थोरलीच्या लेकीपासून झाली. ती नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ आहे. झोपेत हृदय मिनिटाला किती वेळा धडधडलं, ते रोज सकाळी त्यावर दिसतं. दर महिन्याला काही दिवस ते घड्याळ तिला सांगायचं, की तुमचं शरीर थकलंय, आज विश्रांती घ्या. आदल्या रात्री ती वेळेवर झोपलेली असायची, ताप नसायचा, जेवणही रोजचंच. तरी नाडी तीन-चार ठोक्यांनी वर. आठवडाभर हे चालायचं आणि मग आपोआप थांबायचं. तिसऱ्या महिन्यात तिने आमच्या वहीतल्यासारख्या स्वतःच्या तारखा त्या आकड्यांशेजारी लिहून काढल्या, आणि म्हणाली, “अम्मी, हे थकव्याचं नाही. पाळी यायच्या आधीच्या आठवड्यातच दर वेळी होतंय.”

तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्यामागचं कारण तिच्याच पुस्तकात होतं. पाळी सुरू झाल्यापासून बीजांड बाहेर पडेपर्यंतचा काळ हा महिन्याचा पहिला भाग. या भागात इस्ट्रोजेन हळूहळू वाढत जातं, पण प्रोजेस्टेरॉन जवळजवळ नसतंच. बीजांड बाहेर पडलं, की त्याची रिकामी झालेली पिशवी एका छोट्या ग्रंथीसारखी काम करू लागते आणि भरपूर प्रोजेस्टेरॉन बनवते. हे प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचं अस्तर तयार करतंच, शिवाय शरीराचं तापमानही साधारण 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअसने वर ठेवतं. त्याच काळात हृदयाला सबुरीने घ्यायला सांगणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूची पकड थोडी सैल होते. शरीर जरा गरम आणि लगाम जरा ढिला, म्हणून हृदय झोपेतही थोडं जलद चालतं. गर्भ राहिला नाही, तर ती ग्रंथी दोन आठवड्यांच्या आत सुकते, प्रोजेस्टेरॉन खाली येतं, पाळी येते आणि नाडीही उतरते.

ही चढउतार किती असते? 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपेतली नाडी मनगटी यंत्राने मोजली होती. पाळीच्या दिवसांपेक्षा महिन्याच्या उत्तरार्धाच्या मध्यावर ती सरासरी 3.8 ठोक्यांनी जास्त निघाली. 2024 साली हजारो बायकांच्या नोंदी तपासणारा एक मोठा अभ्यास आला. त्यात नाडीचा सर्वांत खालचा दिवस पाळीच्या पाचव्या दिवसाच्या आसपास आणि सर्वांत वरचा सव्विसाव्या दिवसाच्या आसपास आढळला. फरक सरासरी अडीच ते तीन ठोक्यांचा. म्हणजे ही लाट खरी आहे, पण लहान आहे. एका रात्रीचं जागरण किंवा लग्नघरी उशिरा झालेलं बिर्याणीचं जेवण तिच्यापेक्षा मोठा धक्का देऊ शकतं.

घड्याळात दुसरा एक आकडा असतो, एचआरव्ही. हा आकडा आम्हाला समजायला वेळ लागला, म्हणून जरा नीट सांगतो. मिनिटाला साठ ठोके म्हणजे बरोबर सेकंदाला एक ठोका, असं हृदय चालत नाही. श्वास आत घेताना ठोके थोडे जवळ येतात, सोडताना थोडे लांब जातात. मनगटावर बोटं ठेवून सावकाश खोल श्वास घेतला, तर तरुण माणसाला हा फरक बोटांनाही जाणवतो. दोन लागोपाठच्या ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं, ते सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजलं, की तो एचआरव्हीचा आकडा होतो. व्हेगसची पकड चांगली असेल तर हा आकडा मोठा येतो, सैल झाली की लहान. म्हणून महिन्याच्या उत्तरार्धात नाडी वर जाते तेव्हा एचआरव्ही खाली येतो. दोन्ही एकमेकांच्या उलट चालतात. लेकीचा आकडा पाळीनंतरच्या आठवड्यात 58 च्या आसपास असतो आणि पाळीआधी 51 पर्यंत उतरतो. एकदा थोरलीने तेच घड्याळ आठवडाभर घालून पाहिलं, तर तिचा आकडा 27 आला. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. वय वाढतं तसा हा आकडा उतरतो, आणि एकाच वयाच्या दोन बायकांतही तो दुपटीने वेगळा असू शकतो. एकीचा आकडा दुसरीच्या शेजारी ठेवून काहीच कळत नाही. ज्याची त्याने स्वतःशीच तुलना करायची.

एचआरव्ही हाताने मोजता येत नाही, त्याला यंत्रच लागतं. नाडी मात्र मोजता येते. आम्ही दोघींनी घड्याळ घेतलं नाही. सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ उशाशी ठेवलं. सकाळी जाग आली, की उठून बसण्याआधी, चहाच्या आधी, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर पहिली दोन बोटं ठेवायची. अंगठा वापरायचा नाही, कारण त्याचीच नाडी लागते. लेकीने एका गोष्टीवर फार जोर दिला : पूर्ण एक मिनिट मोजायचं. दवाखान्यात घाईत पंधरा सेकंद मोजून चारने गुणतात. तिथे ते पुरतं, कारण तिथे 70 आणि 110 यांतला फरक बघायचा असतो. पण पंधरा सेकंदांत एक ठोका इकडेतिकडे झाला, तर गुणाकारानंतर तो चार ठोक्यांचा फरक होतो, आणि आपल्याला शोधायची आहे ती लाटच तीन-चार ठोक्यांची. मोजण्याच्या चुकीतच ती बुडून जाते. पूर्ण मिनिट मोजलं तर चूक एखाद्या ठोक्याचीच राहते. लघवीला उठावंच लागलं, मूल रडलं, तर परत येऊन पाच मिनिटं पडून राहायचं आणि मग मोजायचं.

रोजचा आकडा लिहायचा, पण रोजचा आकडा वाचायचा नाही, हे आम्हाला पहिल्या दोन महिन्यांतच कळलं. आज 64, उद्या 67, परवा 63 असं ते उड्या मारतं. त्यातून अर्थ काढायला बसलं तर डोकं फिरेल. लेकीने वहीत दर पाळीचे दोनच आकडे काढायला शिकवलं. पाळीच्या सहाव्या ते दहाव्या दिवसांची सरासरी, तिला आम्ही ‘तळ’ म्हणतो. आणि पुढची पाळी यायच्या आधीच्या सात दिवसांची सरासरी, ती ‘माथा’. हा माथा आधी काढता येत नाही. पाळी आली, की त्या दिवसापासून मागे सात दिवस मोजायचे. यातही कारण आहे. बीजांड बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेकींत बारा-चौदा दिवसांच्या जवळपास असतो. पाळी लांबली-आखडली तर ती सहसा पहिल्या भागात. म्हणून उत्तरार्ध शोधायचा तर पुढच्या पाळीपासून मागे मोजलेलं जास्त बिनचूक ठरतं.

लेकीचा एक महिना उदाहरणादाखल देतो. तिची ती पाळी तीस दिवसांची होती. पहिल्या दिवशी नाडी 65, तिसऱ्या दिवशी 63. सहाव्या ते दहाव्या दिवसांत 62, 61, 62, 61, 62, म्हणजे तळ जेमतेम 62. पंधराव्या दिवसापर्यंत ती तिथेच घुटमळत राहिली. अठराव्या दिवशी 63, विसाव्या दिवशी 64. शेवटच्या सात दिवसांत 65, 66, 65, 67, 66, 66, 65, म्हणजे माथा 66. फरक चारचा. पुढच्या पाळीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाडी परत 63-62 वर. पुढच्या दोन महिन्यांतही तळ 61-62 आणि माथा 65-66. हे दिसल्यावर घड्याळाचं ते ‘थकलाय’ तिला खटकेनासं झालं. घड्याळ तिची पाळीआधीच्या आठवड्यातली नाडी पाळीनंतरच्या आठवड्यांशी ताडून बघत होतं. माथ्याची तुलना माथ्याशी आणि तळाची तळाशी करायला हवी, एवढंच त्यातलं मर्म.

थोरलीचं चित्र वेगळं निघालं. तिचं वय सेहेचाळीस. तिची पाळी कधी बावीस दिवसांनी येते, कधी पन्नास. काही महिन्यांत तिला तीन ठोक्यांची लाट दिसते, काही महिन्यांत तळ आणि माथा यांत फरकच नसतो. या वयात काही महिने बीजांड बाहेर पडतच नाही, मग प्रोजेस्टेरॉनही वाढत नाही आणि नाडी सपाट राहते. ज्या बायका रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या घेतात, त्यांचीही लाट अशीच दबते, कारण गोळी बीजांड बाहेर पडूच देत नाही. तेव्हा लाट नाही म्हणजे काही बिघडलं, असा अर्थ लगेच काढायचा नाही. मात्र वीस-पंचवीस वर्षांच्या मुलीची पाळी नेहमीच लांबत असेल आणि लाट कधीच दिसत नसेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावं. निदान ते करतील, वही नाही.

या वहीचं खरं काम पडलं ते धाकटीसाठी. तिचं वय छत्तीस, पदरात दोन मुलं. पहिल्या महिन्यात तिचा तळ 68 होता आणि माथा 71. दुसऱ्या पाळीत तळ 70, माथा 73. तिसऱ्या पाळीत 73 आणि 76. चौथीत 76 आणि 79. लाट जशीच्या तशी होती, दर वेळी फरक तीनचा. पण अख्खी लाटच वर सरकत होती. चार पाळ्यांत तळ आठ ठोक्यांनी चढला होता. रोजच्या आकड्यांत हे कळलं नसतं. 76 हा आकडा कुणाच्याही नजरेत भरण्याजोगा नाही, कोणताही डॉक्टर त्याला सर्वसाधारणच म्हणेल. तो सर्वसाधारण नव्हता तो फक्त तिच्यासाठी, आणि तेही तळाच्या दिवसांत. लेक म्हणाली, “चाची, माझ्या घड्याळानेसुद्धा हे पकडलं नसतं.” अशी अनेक यंत्रं आजची नाडी मागच्या काही आठवड्यांच्या सरासरीशी ताडतात. सरासरीच हळूहळू वर गेली, तर यंत्राला सगळं ठीकच दिसतं.

आधी आम्ही साधी कारणं बघितली. ताप आला तर नाडी चढते, पण ती एकदम चढते आणि तीन-चार दिवसांत उतरते. जागरण, उशिरा जेवण यांचा परिणाम एक-दोन दिवसांचा. एप्रिल-मेच्या उकाड्यात सगळ्यांचीच नाडी थोडी वर जाते, पण तेव्हा थोरलीची आणि लेकीचीही चढायला हवी होती. त्यांची होती तिथेच होती. रमजानचा महिना तर आम्ही वेगळाच धरतो. सहरीसाठी उठणं, तरावीहनंतर उशिरा झोपणं, रात्रीचं जेवण, आणि पाळीच्या दिवसांत पुन्हा दिवसाचं खाणं, यांमुळे त्या महिन्याचे आकडे इतर महिन्यांशी जुळत नाहीत. ते लिहायचे, पण तुलनेत घ्यायचे नाहीत. धाकटीच्या चारही पाळ्या रमजानच्या बाहेरच्या होत्या.

मग त्याच वहीतल्या तारखांकडे लक्ष गेलं. पाळीचा पहिला दिवस आणि गुस्लचा दिवस दोन्ही लिहिलेले होतेच. वर्षापूर्वी त्यांत सहा दिवसांचं अंतर असायचं. आता आठ, आणि मागच्या वेळी नऊ. विचारलं तेव्हा तिने सांगितलं, की पहिल्या तीन दिवसांत दर दीड-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, गाठी पडतात, रात्रीही उठावं लागतं. दोन जिने चढल्यावर धाप लागते, हेही त्याच दिवशी कळलं. ती त्याला कामाचा शीण समजत होती.

रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन 8.7 निघालं. गरोदर नसलेल्या बाईचं ते निदान 12 असायला हवं. नाडी का चढत होती, ते आता स्पष्ट झालं. हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. ते कमी झालं की तेवढाच प्राणवायू पोचवण्यासाठी हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. रक्त हळूहळू कमी होत होतं, म्हणून नाडीही हळूहळू चढत होती. डॉक्टरांनी थायरॉइडचीही तपासणी सांगितली, कारण ती ग्रंथी जादा काम करू लागली तरी नाडी अशीच वर जाते. ती व्यवस्थित निघाली. सोनोग्राफीत गर्भाशयात आतल्या बाजूला झुकलेली एक लहान गाठ दिसली. अशी गाठ लहान असली तरी रक्तस्राव वाढवते.

उपचार साधेच होते. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, आणि रोज लोहाची गोळी. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा चहाच्या लगेच पुढेमागे घेतली तर लोह अंगी लागत नाही, म्हणून ती दुपारी लिंबूपाण्याबरोबर घ्यायचं ठरलं. सासूबाईंनी त्यावर नजर ठेवली. शौचाचा रंग काळपट होतो, त्याने घाबरू नका, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. नंतरच्या पाळीत तळ 75 होता, म्हणजे फारसा फरक नव्हता. त्यापुढच्या पाळीत 72. तिसऱ्या पाळीत 69, माथा 72. त्या सुमारास केलेल्या तपासणीत हिमोग्लोबिन 11.6 वर आलं होतं. नाडी उतरली म्हणून तिला गोळ्या सोडाव्याशा वाटल्या, पण डॉक्टरांनी आणखी तीन महिने घ्यायला लावल्या. रक्तातलं हिमोग्लोबिन भरलं तरी शरीरातला लोहाचा साठा भरायला आणखी वेळ लागतो, आणि तो साठा नाडीत दिसत नाही.

या वहीकडून काय मागू नये, हेही लिहायला हवं. शेजारची एक जण विचारत होती, की यावरून मूल न होऊ देण्याचे सुरक्षित दिवस काढता येतील का. काढता येणार नाहीत. नाडी ठळकपणे चढते ती बीजांड बाहेर पडून गेल्यावर, आणि गर्भ राहण्याचे दिवस तर त्याच्या आधीच सुरू झालेले असतात. शिवाय तीन ठोक्यांची चढण एका वाईट रात्रीतही दिसू शकते. उलट बाजूने मात्र एक खूण उपयोगी आहे. पाळीची तारीख उलटून गेली, नाडी माथ्यावरून उतरलीच नाही आणि तशीच दोन-चार दिवस राहिली, तर घरच्या घरी गर्भाची चाचणी करून बघायला हरकत नाही. गर्भ राहिला की प्रोजेस्टेरॉन खाली येत नाही, म्हणून नाडीही उतरत नाही. पण खात्री चाचणीनेच होते. आणि छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, बसल्या जागी नाडी शंभरच्या वर जाऊन तिथेच राहणं किंवा ठोके मधूनच चुकल्यासारखे वाटणं, यांसाठी पाळीची वाट बघायची नसते. त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आता आमच्या वहीत प्रत्येकीचं एक पान आहे आणि त्यावर दर पाळीला एकच ओळ येते : पहिला दिवस, गुस्लचा दिवस, तळ, माथा. तळ आधीच्या तळापेक्षा एक-दोन ठोक्यांनी हलला तर आम्ही काही करत नाही. लागोपाठ दोन पाळ्यांत मिळून चारपेक्षा जास्त चढला, तर शेजारच्या रकान्यात पाळीचे दिवस वाढलेत का, ते बघतो आणि हिमोग्लोबिन तपासून घेतो. ही चारची रेघ आमची आम्हीच ठरवली आहे, कोणत्या पुस्तकातली नाही. आमच्या घरातल्या आकड्यांना ती पुरते. धाकटीची पुढची सोनोग्राफी सहा महिन्यांनी आहे. तेव्हा ती वही बरोबर नेणार आहे, कारण मागच्या वेळी डॉक्टरांनी सर्वांत आधी तीच मागून घेतली होती.